छायाचित्रातील रिकामी जागा

जुन्या घरातील छायाचित्रांचा संग्रह चाळताना एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी येते. ज्याने हौसेने यंत्र आणले व साऱ्या कुटुंबाची चित्रे घेतली, तो कर्ता पुरुषच बहुधा त्यांत नसतो. हे नेहमीच असे होते काय? आम्हांस वाटते, नाही.

१८३९ साली फिलाडेल्फिया शहरी रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणाने स्वतःचेच चित्र घेतले. भिंगावरचे झाकण काढून तो समोर येऊन उभा राहिला. त्या काळी चित्र उमटण्यास लागणारा वेळ मिनिटांत मोजावा लागे. त्यामुळे तो जागेवर येईपर्यंत गेलेल्या क्षणांचा माग चित्रात उरला नाही. तो मध्यापासून थोडा बाजूला दिसतो, कारण भिंगामागून पाहणारे दुसरे कोणी नव्हते.

पुढे १८८० च्या सुमारास कोरड्या काचांचा प्रसार झाला आणि चांगल्या उजेडात क्षणार्धात चित्र उमटू लागले. या वेगानेच छायाचित्रकाराला चित्राबाहेर घालविले. धावत येऊन बसण्यास आता अवधीच उरला नाही.

यावर पहिला उपाय निघाला तो दुरून झडप उघडण्याचा. त्रिपुराचे महाराज वीरचंद्र माणिक्य यांनी त्याच सुमारास महाराणी मनमोहिनी यांच्यासह आपले चित्र असेच घेतले. पुढे रबरी नळी व तिच्या टोकाचा फुगा सर्रास वापरात आला. फुगा दाबला की नळीतील हवेच्या जोराने झडप उघडे. परंतु नळी फार लांब झाली की हा जोर वाटेतच मंदावे. म्हणून घराण्यातील सगळी माणसे यंत्राच्या जवळ गोळा करावी लागत.

खरी अडचण निराळीच होती. तिवईवरील यंत्राच्या दुधी काचेवर चित्र उलटे दिसे, व त्यावरूनच जागा ठरवावी लागे. एकदा तेथे चित्राची काच सरकवली की पुढे काहीच दिसत नसे. तेव्हा आपल्या रिकाम्या खुर्चीवर काठी उभी करून तीवर भिंग स्थिर करणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत घड्याळासारखी कळ निघाली. ती सुमारे दहा सेकंदांनी आपोआप झडप उघडी. नळी गेली, पण नवा दोष आला: धावत येणाऱ्या वडिलांकडेच मुले पाहत राहत.

म्हणून आपल्या घरच्या जुन्या समूहचित्रात कडेला बसलेल्या गृहस्थाचा हात अवश्य पाहावा. मूठ आवळलेली असून तीतून नळी सतरंजीवरून पुढे गेली असेल, तर चित्र घेणारा तोच होय. नळी नसेल, परंतु मुलांच्या माना त्याच्याकडे वळलेल्या असतील, तर घड्याळाच्या कळेची शंका घ्यावी. अशी कोणतीच खूण नसेल, तर यंत्रामागे कोण उभे होते हे घरातील वडीलधाऱ्यांस आजच विचारून मागे लिहून ठेवावे. कारण ते नाव चित्र स्वतः कधीच सांगणार नाही.