ग्रहण लागलेली कलमे

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत, आणि अनेक पातळ औषधांत अल्कोहोल असते. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव ‘मद्य’ ठरवला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तिथेही टॉनिकची बाटली बाळगणे गुन्हा ठरू शके.

१९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सारा कायदा मोडला नाही. औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी मालमत्तेच्या मूलभूत हक्काआड येते, म्हणून ती छाटली. उरलेली दारूबंदी स्वतःच्या पायावर उभी राहू शकत होती. हीच पृथक्करणीयता.

छाटलेले शब्द मात्र पुस्तकात तसेच राहिले. पेसिकाका यांच्या तोंडाला दारूचा वास आला. त्यांनी औषध घेतल्याचे सांगितले. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. १९५४ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नागरिकापुरता तो भाग नाहीच असे समजून कलम वाचा. घेतले ते औषध नव्हते, हे सरकारने सिद्ध करावे. ते सुटले.

मग तो भाग मेला का? १९५५च्या भिकाजी नारायण ढाकरस खटल्यात उत्तर मिळाले : घटनेपूर्वीचा कायदा मरत नाही, हक्काच्या सावलीत झाकला जातो. घटनादुरुस्तीने सावली हटली की तो पुन्हा चालतो.

बलसारातला मालमत्तेचा तो हक्क ४४व्या घटनादुरुस्तीने १९७९ साली मूलभूत हक्कांतून गेला. तरी टॉनिकची बाटली सुरक्षित राहिली, कारण विधिमंडळाने कायद्यातच २४-अ कलम घालून औषधांना सूट दिली होती. निकालाने मिळालेली मोकळीक कायद्यात लिहून घ्यावी, ती यासाठी.