बंदची वेळ लिहिणारं दुकान

दुकानाचं गुगलवरचं प्रोफाइल कसं भरावं, याबद्दल बाजारात एक मत आता जवळजवळ शास्त्रासारखं मानलं जातं. प्रोफाइल भरून देणारी मुलं ते सांगतात आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर ते रोज फिरतं. वेळ चोवीस तास ठेवा, पत्ता भर बाजारपेठेतला द्या, वेबसाइटची जागा रिकामी सोडू नका आणि वर्णनात धंद्याचे नि उपनगरांचे जितके शब्द मावतील तितके कोंबा. दुकान जितकं मोठं आणि सदा उघडं दिसेल, तितका म्हणे गिऱ्हाइकाचा विश्वास. मला हे मत चारही बाबतींत चुकीचं वाटतं, आणि वेळेच्या बाबतीत तर सरळ नुकसानीचं.

तरीही पूर्वपक्ष पोकळ नाही, त्यामुळे आधी त्याची बाजू पूर्ण मांडतो. 2023 च्या अखेरीस स्थानिक शोधाचा अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नोंदवलेली वेळ संपली की दुकान यादीत खाली घसरतं. पुढे गुगलच्या प्रतिनिधीनेही ते मान्य केलं: दुकानाचं नाव न घेता ‘मिक्सर दुरुस्ती’ असा शोध घेतला, तर दुकान त्या घडीला उघडं आहे की नाही याला आता अधिक वजन मिळतं. मग चोवीस तास लिहिलं की रात्री अकरालाही आपण वरच्या ओळीत! शिवाय कायदाही आड येत नाही. महाराष्ट्रातल्या दुकानांसाठीच्या 2017 च्या कायद्यानुसार दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवता येतं, कामगाराला त्याची साप्ताहिक सुटी मिळाली म्हणजे झालं. एवढा आधार असताना ‘दुपारी बंद’ लिहून स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा, असा हा युक्तिवाद आहे.

आता एक दुकान कल्पू. पुण्यातल्या शनिवार पेठेत मिक्सर, गॅस शेगडी आणि इस्त्री दुरुस्त करणारं, एका माणसाच्या हातावर चालणारं. सकाळी साडेनऊ ते दीड, दुपारी साडेचार ते साडेआठ, गुरुवारी बंद. प्रोफाइल भाच्याने उघडून दिलं आणि वर सांगितलेल्या शास्त्राप्रमाणे वेळेत ‘चोवीस तास’ टाकलं. धायरीची एक बाई जड मिक्सर पिशवीत घालून, बस बदलून, दुपारी दोनला दारात येते. शटर खाली. ती फोन करते, तो दुकानातच वाजत राहतो. संध्याकाळी प्रोफाइलवर एक तारा आणि एक वाक्य उमटतं: इथे उघडं लिहिलंय, पण बंद होतं. कारागिराच्या हाताबद्दल त्या वाक्यात एक अक्षर नाही, पण पुढचा वाचणारा प्रोफाइलवरच्या सगळ्याच मजकुराकडे त्याच नजरेने बघतो.

यादीतलं वरचं स्थान आणि विश्वास यांची इथे गल्लत होते. वरचं स्थान गिऱ्हाइकाला रस्त्यावर आणतं. विश्वास ठरतो तो शटरपाशी. चोवीस तासांचा दावा दिवसातले सोळा तास खोटा पडत असेल, तर त्या सोळा तासांत मिळालेली प्रत्येक भेट दुकानाच्या विरोधातला साक्षीदार तयार करते. आणि ज्या प्रतिनिधीने उघड्या दुकानाच्या वजनाची कबुली दिली, त्यानेच हेही सांगितलं होतं, की दुकान खरोखर चोवीस तास चालत नसेल तर तशी वेळ लिहू नका, हा निकष पुढेही बदलत राहू शकतो. आपल्याकडे निरोपाचा पहिलाच भाग पोचला.

कायद्याचा मुद्दा तर पूर्वपक्षावरच उलटतो. पूर्वी साप्ताहिक सुटी भागाभागाने ठरलेली असे, त्यामुळे अमुक पेठ अमुक वारी बंद हे गिऱ्हाइकाला पाठ असायचं. आता शेजारची दोन दुकानं वेगवेगळ्या वारी बंद असू शकतात, आणि पुण्याची दुपारची विश्रांती कुणी पाळतं, कुणी सोडून दिली आहे. अंदाज बांधायला जागाच उरलेली नाही. म्हणून सुटी आणि दुपारचं बंद प्रोफाइलवर लिहिणं पूर्वीपेक्षा आज जास्त गरजेचं झालं आहे.

ते लिहायची सोयही आहे, पण पुष्कळांना ती सापडत नाही. प्रोफाइलच्या संपादनात `Hours` उघडलं की प्रत्येक वारापुढे वेळेची एक जोडी दिसते. तिथेच दुसरी जोडी वाढवता येते. आपल्या कारागिराने शुक्रवार ते बुधवार पहिली जोडी साडेनऊ ते दीड आणि दुसरी साडेचार ते साडेआठ अशी भरावी आणि गुरुवारपुढे `Closed` ठेवावं. दुपारी दोनला शोधणाऱ्याला मग ‘बंद आहे, साडेचारला उघडेल’ असं दिसतं. धायरीची बाई तीनला निघते. कारागीर दुकानावरच राहत असेल आणि रात्री दहालाही फोन उचलत असेल, तरी ती दुकानाची वेळ नव्हे. वेळ म्हणजे गिऱ्हाईक दारात आलं तर काम घेतलं जाईल असा काळ. सव्वाआठनंतर तो नवं काम घेत नसेल, तर साडेआठऐवजी सव्वाआठच लिहावं.

खरी परीक्षा सणावारी होते. सार्वजनिक सुटीच्या दिवशी गुगल आपण होऊन वेळेशेजारी ‘आज वेळ वेगळी असू शकते’ अशा अर्थाची सूचना लावतं. दुकान नेहमीसारखं उघडं असलं तरी लावतं, कारण मालकाने काही कळवलेलं नसतं. `Special hours` मध्ये त्या तारखेची वेळ भरली, मग ती नेहमीचीच का असेना, की शंका मिटते. पण आपले कित्येक बंद दिवस कुठल्या राष्ट्रीय यादीत नसतात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता मिरवणुकीने भरलेला असताना मिक्सर घेऊन कोण येणार आहे? आणि लक्ष्मीपूजन यादीत असलं, तरी त्या संध्याकाळी काउंटरवर पूजा मांडलेली असते हे यादीला ठाऊक नसतं. या तारखा हाताने भराव्या लागतात, आणि तशी मुभा आहे. आठवडाभर किंवा जास्त काळ गावी जायचं असेल, तर एकेक दिवस भरण्यापेक्षा दुकान तात्पुरतं बंद असल्याची खूण करावी. परत आल्यावर ती काढायची आठवण मात्र ठेवावी लागते. कित्येक चालती दुकानं या विसरण्यापायी नकाशावर बंद पडलेली असतात.

कुणी म्हणेल, मग वेळ भरूच नये, म्हणजे खोटंही ठरत नाही. हेही फसवं आहे. प्रोफाइलमध्ये कुणीही वाटसरू दुरुस्ती सुचवू शकतो आणि गुगल इतर ठिकाणची माहितीही त्यात घेतं. रिकामी जागा रिकामी राहीलच असं नाही. ती कुणा दुसऱ्याच्या अंदाजाने भरते. मालकाने अधूनमधून प्रोफाइल उघडून गुगलने केलेले बदल पाहावेत, चुकीचे असतील ते परत फिरवावेत.

व्हॉट्सॲप बिझनेसवरची वेळ निराळी असते आणि निराळी भरावी लागते. तिथे दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप ‘कामाच्या वेळेबाहेर’ पाठवायची सोय आहे. ज्याने तिथे ‘सदैव उघडे’ निवडलं, त्याच्या वेळेला बाहेर अशी जागाच उरत नाही. मध्यरात्री आलेला प्रश्न मग सकाळपर्यंत मुका पडून राहतो.

पत्त्याबद्दलचं प्रचलित मत असं, की पत्ता दाखवला नाही तर दुकान बनावट वाटतं. घरातून मसाले किंवा डबे पुरवणाऱ्या बायकांना म्हणूनच ओळखीच्या एखाद्या दुकानाचा पत्ता उसना घ्यायला सांगतात. गुगलचा नियम याच्या उलट आहे. जिथे गिऱ्हाईक येत नाही तो पत्ता लपवावा आणि त्याऐवजी सेवा देण्याचे भाग नोंदवावेत. शहर किंवा पिनकोडनुसार असे वीसपर्यंत भाग देता येतात. उसना पत्ता पडताळणीत उघडा पडतो. आजकाल पडताळणीसाठी बरेचदा व्हिडिओ मागतात, आणि त्यात रस्ता, पाटी, शिवाय दुकान आपल्याच ताब्यात आहे हे दाखवावं लागतं, उदाहरणार्थ कुलूप स्वतः उघडून. दुसऱ्याच्या दुकानात हे नाटक जमत नाही. जमलंच, तर नंतरच्या तक्रारीने प्रोफाइल स्थगित होऊ शकतं आणि जमा झालेली परीक्षणंही त्याबरोबर दिसेनाशी होतात.

ज्यांचा पत्ता खरा आहे, त्यांचीही चूक वेगळ्या जागी असते. पेठेतला घरक्रमांक बरोबर लिहिलेला असतो, पण नकाशावरची खूण वाड्याच्या मागच्या बोळात पडलेली असते. संपादनात ती खूण बोटाने सरकवून दारावर आणता येते. ती बरोबर बसली का, हे दुकानात बसून कळत नाही. दुसऱ्याचा फोन घ्यावा, जवळच्या बसथांब्यावर उभं राहावं, दिशा विचाराव्या आणि सांगतील तसं चालावं.

वेबसाइटबाबत थोडक्यात. गुगलच एकेकाळी प्रोफाइलवरून फुकट वेबसाइट बनवून देई. तिचा पत्ता `business.site` ने संपत असे. मार्च 2024 मध्ये त्या बंद झाल्या. त्यावर टिचकी मारणाऱ्याला 10 जूनपर्यंत प्रोफाइलकडे वळवलं जाई, नंतर तेही थांबलं. व्हिजिटिंग कार्डांवर आणि पाट्यांवर मात्र ते पत्ते अजून छापलेले दिसतात. मेलेला दुवा रिकाम्या जागेपेक्षा वाईट, कारण त्यावरून धंदाच बुडाला असा ग्रह होतो. स्वतःची, चालती वेबसाइट नसेल तर ती जागा मोकळी सोडावी. इन्स्टाग्रामच्या पानासाठी वेगळी जागा आहे. आणि वेबसाइट असेल, तर तिच्यावरची वेळ प्रोफाइलशी जुळती हवी.

उरलं वर्णन. मर्यादा 750 अक्षरांची. त्यात दुवे चालत नाहीत आणि सवलतींची जाहिरातही चालत नाही. तरी लोक ‘पुण्यातील सर्वोत्तम, कोथरूड, कर्वेनगर, वारजे, सर्वात स्वस्त’ अशी माळ ओवतात. स्थानिक यादीतला क्रम शोधाशी जुळणं, अंतर आणि दुकानाची ख्याती यांवर ठरतो असं गुगल सांगतं. वारजे हा शब्द लिहिल्याने शनिवार पेठ वारज्याच्या जवळ सरकत नाही. वर्णन माणसासाठी लिहावं, आणि त्यातली सर्वांत उपयोगी वाक्यं बहुधा नकाराची असतात. आपल्या कारागिरासाठी मी असं लिहीन: ‘मिक्सर, गॅस शेगडी आणि इस्त्री यांची दुरुस्ती. मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीन घेत नाही. मिक्सर आणताना भांडंही सोबत आणा, बिघाड अनेकदा पात्यात असतो. खर्चाचा अंदाज आधी सांगतो, तुमच्या होकारानंतरच काम सुरू होतं. बदललेला जुना भाग परत देतो.’

यातलं प्रत्येक वाक्य गिऱ्हाइकाला दारात तपासता येतं. ‘सर्वोत्तम’ तपासता येत नाही, म्हणून त्यावर कुणी विसंबतही नाही.

एक अपवाद मान्य करायला हवा. रात्रभर चालणारं औषधाचं दुकान किंवा पेट्रोल पंप यांनी चोवीस तास जरूर लिहावं, तिथे तीच खरी वेळ आहे. बाकीच्यांना एवढीच विनंती, की येत्या दिवाळीतल्या लक्ष्मीपूजनाची आणि पाडव्याची वेळ दुकान आवरायच्या गडबडीआधीच भरून ठेवा, आणि भाच्याने टाकलेले चोवीस तास आजच काढा.