कोपर ते मनगट : टॅटूचा ठसा बसवताना

जळगाव, धुळ्यासारख्या शहरांतील टॅटू स्टुडिओंत सुई लावण्यापूर्वी हातावर नक्षीचा जांभळा ठसा उमटवला जातो. या ठशाला स्टेन्सिल म्हणतात. तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुन्हा दुसरीकडे उमटवता येतो; त्यानंतर सुईने ओढलेली रेघ मात्र पुसता येत नाही. तरीही बहुतेक गिऱ्हाइके नक्षी निवडण्यात काही आठवडे घालवतात आणि ती नेमकी कोठे बसवायची, याचा निर्णय पाच मिनिटांत उरकतात. पुढे पस्तावा होतो तो पुष्कळदा नक्षीचा नव्हे, तर जागेचा.

समजा, एका तरुणाला हातावर त्रिशूळ काढून घ्यायचा आहे. त्रिशुळाची लांबी १४ सेंटिमीटर, वरच्या तीन पात्यांची रुंदी ६ सेंटिमीटर, मध्ये लहानसे डमरू आणि खाली सरळ दांडा. तरुणाच्या हाताचा घेर कोपराखाली २६ सेंटिमीटर, मनगटाशी १६ सेंटिमीटर आणि कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचे अंतर २४ सेंटिमीटर आहे. मोजपट्टीने घेतलेली ही तीन मापे ठसा बसवण्यास पुरेशी असतात.

हात कागदासारखा सपाट नाही. समोरून पाहणाऱ्याला घेराचा जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो. म्हणजे या तरुणाच्या कोपराखाली सुमारे ८ आणि मनगटाशी ५ सेंटिमीटर रुंदीच नजरेस पडते. त्यातही कडेची त्वचा वळून मागे जाते. त्यामुळे ६ सेंटिमीटरची पाती कोपराकडे ठेवल्यास पूर्ण दिसतात. तीच मनगटाकडे ठेवली, तर दोन्ही बाजूंची टोके हाताच्या कडेआड जातात. पाती वर आणि दांडा खाली ठेवला की नक्षीही हाताप्रमाणेच निमुळती होते. हात खाली सोडलेला असताना समोरच्याला त्रिशूळ सरळ दिसतो. अनेकांना तो स्वतःला सरळ दिसावा असे वाटते. पण तसे केल्यास इतर प्रत्येकाला तो उलटा दिसेल, हे आधीच सांगणारा कारागीर चांगला समजावा.

आता हा ठसा तीन ठिकाणी लावून पाहू. पहिली जागा तळहाताच्या बाजूची, अगदी मधोमध. टेबलावर हात उताणा ठेवून ठसा लावला की दांडा ओळंब्यासारखा सरळ दिसतो. पण चालताना कोणीही तळहात पुढे करून चालत नाही. हात सैल सोडताच अंगठा पुढे येतो. कोपर ते मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचे हाड दुसऱ्याभोवती फिरते. कोपराजवळची त्वचा जवळजवळ जागेवरच राहते, मनगटाजवळची मात्र हाताबरोबर फिरते. पाव वळणात ती घेराच्या पाव हिश्शाने, म्हणजे या हातावर सुमारे ४ सेंटिमीटर सरकते. परिणामी पाती जागच्या जागी आणि दांड्याचे टोक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला, असा वाकडा त्रिशूळ दिसू लागतो. टेबलावर हात ठेवून ठसा लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक हीच.

दुसरी जागा बाहेरच्या बाजूची. मूठ वळून अंगठा वर ठेवत कोपर वाकवले आणि दुसऱ्या हाताने मनगट खाली दाबले, तर कोपराजवळ अंगठ्याच्या बाजूने एक स्नायू फुगून येतो. तो कोपराच्या वरून निघून तिरका मनगटाकडे जातो. नक्षी त्याच्या कडेने किंचित तिरकी बसवली, तर स्नायू आवळला तरी ती त्याच्या रेषेतच राहते. वेल, पीस, साप यांसारख्या वळणदार नक्षींना ही जागा फार शोभते. त्रिशुळाचा सरळ दांडा मात्र स्नायूच्या फुगवट्यावरून जाताना धनुष्यासारखा बाक घेतो. शिवाय दुचाकीच्या हँडलवर हात ठेवला की हीच बाजू वर येते. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जाणारे जळगावचे ऊन अर्ध्या बाहीच्या शर्टातून थेट नक्षीवर पडते आणि रंग आतल्या बाजूपेक्षा लवकर विटतो.

तिसरी जागा मनगटालगत आडवी. येथे १४ सेंटिमीटरचा त्रिशूळ १६ सेंटिमीटरच्या घेराला जवळजवळ कडे घालतो. एका नजरेत अर्धाही दिसत नाही. घडीजवळची त्वचा पातळ व सतत दुमडणारी असते. सुई थोडी खोल गेली तरी शाई खाली पसरून रेघेभोवती निळसर सावली उरते. त्रिशुळासाठी ही जागा सरळ बाद करावी.

उरते ती पहिलीच जागा, पण ठसा लावण्याची पद्धत बदलून. तरुणाला उभे करावे, हात सैल सोडायला सांगावा आणि अंगठा पुढे असतानाच ठसा लावावा. मग हात उताणा केला तर दांडा थोडा एका बाजूला झुकतो, पालथा केला तर थोडा दुसऱ्या बाजूला. वळण पूर्ण टळत नाही, ते दोन्हीकडे वाटले जाते. कोपराच्या घडीपासून दोन बोटे आणि मनगटाच्या घडीपासून तीन बोटे जागा सोडली की १४ सेंटिमीटर बरोबर बसतात.

आतली बाजू निवडण्यास खान्देशात आणखी एक कारण आहे. येथील असंख्य तरुण सैन्यभरतीची तयारी करतात. सैन्याच्या नियमांत कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूवर आणि तळहाताच्या मागे टॅटू चालतो. बाहेरच्या बाजूचा अडचणीचा ठरू शकतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत हातावरील टॅटू सलामी न देणाऱ्या, म्हणजे डाव्या हाताच्या आतल्या बाजूस असावा आणि त्या अवयवाच्या पाव भागाहून लहान असावा, अशी अट घातली गेली आहे. वरील त्रिशूळ तिच्यात सहज बसतो. तरी सुई लावण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात वाचलेली बरी.

नक्षी म्हातारी कशी होईल, याचा नमुना पाहायला दूर जावे लागत नाही. गावाकडच्या आजीच्या हातावरचे गोंदण पाहावे. सुटे, अंतर राखून टोचलेले ठिपके इतक्या वर्षांनंतरही मोजता येतात. जवळजवळ टोचलेली अक्षरे मात्र एकमेकांत मिसळून हिरवट-निळसर डाग झालेली असतात. त्वचेतील पेशी शाईचे कण धरून ठेवतात. त्या मरतात, कण सुटतात, दुसऱ्या पेशी ते उचलतात. या देवाणघेवाणीत रेघ वर्षागणिक किंचित रुंदावते. डमरूच्या दोन रेघांमध्ये आज एक मिलिमीटर फट असेल, तर दहा-पंधरा वर्षांनी ती बुजण्याची शक्यता मोठी. ती किमान दोन-तीन मिलिमीटर ठेवावी किंवा डमरू थोडे मोठे करावे. त्याखाली नाव लिहायचे असल्यास ‘क्ष’, ‘भ’, ‘म’ यांच्या पोटातील पोकळ्या आणि शिरोरेषेवरचा अनुस्वार यांची हीच गत होते. अक्षर एक सेंटिमीटरहून लहान नको.

हे सारे पारखायची वेळ ठसा वाळेपर्यंतची, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची. त्या वेळात हात सैल सोडून, मूठ आवळून आणि दुचाकीच्या हँडलवर असल्यासारखा पालथा धरून तीन छायाचित्रे काढावीत. आरशात डावे-उजवे उलटते, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. मग दोन पावले मागे सरून डोळे किलकिले करून छायाचित्र पाहावे. तेव्हा जो भाग एकजीव काळा दिसतो, तोच पुढे बुजणार असतो. तो ठसा पुसून, त्या जागी फट वाढवून नवा लावायला सांगावा. कारागीर त्याचे वेगळे पैसे मागत असेल, तर दुसरा स्टुडिओ गाठावा.