एट्रियल फिब्रिलेशन : वेगाचा उपचार आणि लयीचा उपचार

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, विजेचे संदेश मिनिटाला 350 ते 600 या गतीने विस्कळीतपणे फिरू लागतात. अलिंदे आकुंचन न पावता नुसती थरथरतात. मधली एव्ही गाठ यातले बरेच संदेश अडवते, तरीही खालच्या कप्प्यांचे ठोके अनियमित आणि बहुधा जलद पडतात. उपचाराच्या वाटा दोन. थरथर तशीच ठेवून मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिनने ठोके आवरायचे, हा वेगाचा उपचार. औषधे, विजेचा झटका किंवा ॲब्लेशनने मूळ लय परत आणायची, हा लयीचा उपचार.

2002 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ चाचणीत 4,060 रुग्ण होते आणि त्यांचे सरासरी वय सत्तरीच्या आसपास होते. दोन्ही वाटांनी गेलेल्यांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. पक्षाघात मात्र दोन्ही गटांत प्रामुख्याने त्यांनाच झाले, ज्यांचे वॉरफरिन बंद केले होते किंवा अपुरे पडत होते. लय सुधारली म्हणून गुठळीविरोधी औषध थांबवू नये, हा या चाचणीचा सर्वांत मोलाचा धडा होय. पुढे 2020 च्या ‘ईस्ट’ चाचणीत निदान होऊन वर्षही न झालेले 2,789 रुग्ण घेतले गेले. हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात किंवा हृदयविकारासाठी रुग्णालयात भरती यांचे एकत्रित प्रमाण लवकर लय सुधारलेल्या गटात दर 100 रुग्णांमागे वर्षाला 3.9 होते, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 5.0. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांत विसंगती नाही. दीर्घकाळ थरथरलेले अलिंद ताणले जाते, त्यात तंतुमय ऊतक वाढते आणि मग लय टिकत नाही. म्हणून आजार किती जुना आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

झटका कधी द्यायचा, हेही काळावरच ठरते. न आकुंचणाऱ्या डाव्या अलिंदाच्या खिशासारख्या उपांगात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि लय परतताच ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते. रक्तदाब व मधुमेह असलेल्या 58 वर्षांच्या एका बाईंचे कल्पित उदाहरण घेऊ. पहाटे पाचला धडधडीने जाग आली, नऊला त्या रुग्णालयात पोचल्या. ठोके 140, रक्तदाब ठीक. ठोके आवरणारे आणि गुठळीविरोधी औषध सुरू केले की लगेच झटका देण्याची घाई नसते. नेदरलँड्समधील 2019 च्या चाचणीत अशी वाट पाहिलेल्या गटातील 69 टक्के रुग्णांची लय 48 तासांत आपोआप परतली. पण याच बाई म्हणाल्या, “पंधरा दिवस झाले, जिना चढताना दम लागतोय,” तर पहाटेची वेळ खरी मानता येत नाही. धडधड आज जाणवली, थरथर आधीपासून असू शकते. अशा वेळी तीन आठवडे गुठळीविरोधी औषध द्यावे, नाहीतर अन्ननलिकेतून इको करून उपांग स्वच्छ असल्याची खात्री करावी. जुनी मर्यादा 48 तासांची होती. युरोपच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी ती 24 तासांवर आणली. रक्तदाब कोसळत असेल तर मात्र थांबायचे नाही.

झटका थोड्या वेळाच्या भुलेखाली देतात. यंत्र ईसीजीतील उंच टोकाशी जुळवून घ्यावे लागते. ते न जुळवता दिलेला झटका चुकीच्या क्षणी पडला, तर खालचे कप्पेच थरथरू लागतात आणि जीव धोक्यात येतो. लय परतली तरी अलिंदाची आकुंचनशक्ती सावरायला काही आठवडे लागतात, म्हणून गुठळीविरोधी औषध किमान चार आठवडे चालू ठेवतात. या बाईंना तर रक्तदाब व मधुमेहामुळे ते पुढेही घ्यावे लागेल. झडप संधिवाती तापाने अरुंद झालेली असेल, आणि भारतात असे रुग्ण आजही भेटतात, तर नव्या गोळ्यांऐवजी वॉरफरिनच्या गटातले औषध वापरतात.

ॲब्लेशनचा पाया 1998 साली बोर्दोमध्ये घातला गेला. थरथरीला चालना देणारे बहुतेक ठोके फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखातून निघतात, हे हाइसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन ही मुखे उष्णतेने, थंडीने किंवा अलीकडे विद्युतस्पंदांनी अलिंदापासून तोडतात. अधूनमधून थरथर होणाऱ्या 303 रुग्णांच्या ‘अर्ली-एएफ’ चाचणीत छातीत बसवलेल्या नोंदयंत्राने पाहिले, तेव्हा वर्षभरात अलिंदाची अनियमितता गोठवण्याच्या उपचारानंतर 43 टक्क्यांत आणि औषधांवर 68 टक्क्यांत पुन्हा दिसली. पूर्ण बरे होण्याची हमी यात नाही. पण तीन वर्षांत आजार कायमस्वरूपाकडे झुकण्याचे प्रमाण 7.4 वरून 1.9 टक्क्यांवर आले. हृदय दुर्बल झालेल्यांत फायदा अधिक ठळक आहे. 2018 च्या ‘कॅसल-एएफ’मध्ये मृत्यू किंवा हृदयदौर्बल्यासाठी भरती यांचे प्रमाण 44.6 टक्क्यांऐवजी 28.5 टक्के राहिले.

ॲब्लेशननंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांतली धडधड अपयश मानत नाहीत. जखम भरेपर्यंत ती येऊ शकते. काही आठवड्यांनी ताप, गिळताना दुखणे किंवा एका बाजूचा अशक्तपणा आला, तर मात्र अलिंद आणि अन्ननलिका यांच्यात छिद्र पडल्याची शंका घ्यावी. ही गुंतागुंत अत्यंत दुर्मीळ पण जीवघेणी आहे. तिथे एंडोस्कोपी टाळून तातडीने छातीचे सीटी स्कॅन करतात, कारण एंडोस्कोपीत भरलेली हवा छिद्रातून रक्तात शिरू शकते.