न्यूयॉर्क, रिचमंड आणि उलटलेला क्षयदर

१९३४ साली मॉरिस कोहेन आणि अर्नेस्ट नागेल यांनी तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात वाचकांपुढे एक पेच ठेवला. १९१० मध्ये क्षयाने गोऱ्यांपैकी न्यूयॉर्कमध्ये लाखामागे १७९, तर रिचमंडमध्ये १६२ जण दगावले होते. कृष्णवर्णीयांत हेच दर अनुक्रमे ५६० आणि ३३२ होते. दोन्ही गटांत रिचमंड सरस. तरीही सर्व नागरिक एकत्र मोजताच न्यूयॉर्कचा दर सुमारे १८६ आणि रिचमंडचा २२४ भरला!

बेरीज चुकलेली नव्हती. कृष्णवर्णीयांचा वाटा न्यूयॉर्कमध्ये जेमतेम २ टक्के, रिचमंडमध्ये ३७ टक्के होता. त्यामुळे रिचमंडची सरासरी अधिक दराच्या गटाकडे झुकली. (वर्ण हे त्या दराचे कारण, असे मात्र या आकड्यांवरून म्हणता येत नाही.) क्षयरुग्णांसाठी किती खाटा लागतील हे ठरवताना एकत्रित दरच उपयोगी, शहरांची तुलना करताना तोच दिशाभूल करतो. एडवर्ड सिम्पसन यांच्या १९५१ च्या लेखावरून या उलटापालटीला पुढे त्यांचे नाव मिळाले.

भारतातही असाच वाद रंगू शकतो. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१९ मध्ये केरळचा मृत्युदर हजारी ७.१, बिहारचा ५.५, अर्भक मृत्युदर मात्र ६ आणि २९. केरळात वृद्धांचे प्रमाण बिहारपेक्षा बरेच अधिक आहे.