आठवण आणि ताकीद यांतलं अंतर

‘असे निदर्शनास आले आहे की, वारंवार सूचना देऊनही आपण प्रशिक्षण पूर्ण केलेले नाही. ही बाब गंभीर आहे.’ सरकारी कचेरीत वावरलेल्या कोणालाही हे वाक्य पाठ असतं. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ‘निदर्शनास आले’ म्हणताना लिहिणारा स्वतः नाहीसा होतो आणि वाचणारा एकटा पिंजऱ्यात उभा राहतो. ‘वारंवार’ आणि ‘गंभीर’ हे दोन शब्द काढले, तरी मजकुरातली माहिती तसूभर कमी होत नाही. कमी होतो तो फक्त चटका.

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या पंचायत समितीचं उदाहरण घेऊ. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२० मध्ये मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली, तेव्हापासून ‘आयगॉट कर्मयोगी’ हे संकेतस्थळ सरकारी नोकरांच्या ओळखीचं होत गेलं. समजा, तिथला लैंगिक छळ प्रतिबंधाचा कोर्स ३१ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करायचा आहे. हा विषय वरिष्ठांची लहर नव्हे. २०१३ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृती कार्यक्रम घेणं हे मालकाचं, म्हणजे इथे कार्यालयाचंच, कर्तव्य आहे. ते नीट ध्यानात घेतलं तर आठवणीचा सूर बदलतो, कारण काम दोघांचं असतं.

समजा, ४० कर्मचारी आहेत आणि १० तारखेला यादी काढली तर १८ जणांचा कोर्स बाकी दिसतो. इथे सर्रास काय होतं, तर १८ नावांची लाल रंगवलेली यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते. खाली दोन-तीन ‘ओके सर’ येतात आणि तिकडे मागच्याच आठवड्यात कोर्स संपवलेल्या एका ताईंचा पारा चढतो, कारण प्रमाणपत्र हातात असून त्यांचं नाव यादीत आहे.

याहून वाईट म्हणजे यादी एक चुकीचा संदेशही देते: ‘बाकी राहिलेले पुष्कळ आहेत.’ अमेरिकेतल्या अॅरिझोनात अश्मीभूत झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी पाट्यांचा प्रयोग केला. ‘अनेक पर्यटक इथून लाकूड उचलून नेतात’ असं खेदाने सांगणाऱ्या पाटीने चोरी थांबवली नाही, उलट तिला हातभार लावला. सगळेच करतात म्हटल्यावर मनाला सोय होते. म्हणून ग्रुपवर सांगायचंच असेल तर ‘४० पैकी २२ जणांचं झालं’ एवढंच सांगावं. तेही खरंच निम्म्याहून अधिक झालं असेल तर, नाहीतर आकडा न दिलेला बरा.

खरं काम त्या १८ नावांची फोड करण्यात आहे. धरा की नऊ जणांनी सुरुवातच केलेली नाही, सहा जण मध्येच अडकलेत, तिघांचं झालंय पण नोंद दिसत नाही. हे तीन गट तीन तऱ्हेचे, आणि एकच खरमरीत मजकूर तिन्ही गटांना चुकीचा.

सुरुवात न केलेल्यांना वेळ काढायला मदत लागते. मजकूर असा: ‘नमस्कार दादा, कोर्स ३१ तारखेपर्यंत करायचा आहे. थांबत थांबत केला तरी चालतो. गुरुवारी दुपारी ३ ते ५ मी संगणक खोलीत आहे. तेव्हा येता, की घरी करता? कळवा, म्हणजे मी लिहून ठेवतो.’ यातला शेवटचा प्रश्न कळीचा आहे. माणसाने वार आणि वेळ स्वतः ठरवली की काम पार पडण्याची शक्यता वाढते. फ्लूच्या लशीची तारीख व वेळ लिहून ठेवायला सांगितल्यावर लस घेणाऱ्यांचं प्रमाण चार टक्केबिंदूंच्या आसपास वाढल्याचं एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. वाढ थोडी आहे, जादू नाही, पण फुकटची आहे.

अडकलेल्यांना नेमकी गाठ दाखवावी: ‘एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालला नसेल, पूर्ण झाल्याची खूण नसलेला भाग शोधून पाहा.’ झालेल्यांना तर आठवण पाठवायचीच नसते. त्यांच्याकडून प्रमाणपत्र मागावं आणि यादी आपण दुरुस्त करावी.

वेळही पाहावी. सोयाबीनची काढणी सुरू आहे, अवकाळीने नुकसान झालं म्हणून पंचनामे चालू आहेत आणि ग्रामपंचायत अधिकारी रिसोडच्या शिवारात चिखलात उभा आहे, तेव्हा दुपारी बाराला आलेला मेसेज वाचला जातो आणि विसरलाही जातो. शिवाय २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना या कामी गाठू नये.

मुदत चुकल्यावर काय होईल, हे मात्र लपवू नये. ‘३१ नंतर अपूर्ण नावे जिल्हा परिषदेला कळवावी लागतात’ हे सरळ वाक्य धमकी नाही, पण त्याआधी ‘अन्यथा’ लावलं की होते. आणि मुदत खरोखर संपली की आठवणीचं काम संपतं. पुढे नोटीस द्यायची तर ती वेगळ्या कागदावर, वेगळ्या भाषेत, खुलासा मागून द्यावी. तिच्यात मागच्या गोड मेसेजचा हिशेब जोडू नये, नाहीतर पुढच्या वर्षीचा ‘नमस्कार दादा’ वाचताच माणूस दचकतो.

२९ तारखेला दोन नावं उरतात. मेसेज तिसऱ्यांदा पाठवण्याऐवजी फोन लावला, तर एकाचा नोंदवलेला मोबाईल क्रमांकच बंद निघतो. ओटीपी जुन्या नंबरवर जातोय.