रेंज कमी असली तरी मोबाईलवर अभ्यास कसा होईल? धडा आधी उतरवा, वही गुरुजींना दाखवा

परभणी : कोरोनात 2020 साली शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत अभ्यास मोबाईलवर आला. शाळा पुन्हा भरल्या, तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओची लिंक टाकायची सवय राहिली. जिंतूरच्या डोंगराकडच्या किंवा पालम, सोनपेठच्या आडवाटेच्या गावात मात्र लिंक आली म्हणजे धडा आला असं होत नाही.

हिशोब सोपा आहे. 10 मिनिटांचा व्हिडिओ साधारण 50 एमबीचा धरा. रेंज कमी असताना नेटचा वेग 200 केबीपीएसवर आला, तर तो उतरायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. तोच धडा गुरुजींनी आवाजात सांगून पाठवला, तर 5 मिनिटांचं रेकॉर्डिंग 1 एमबीच्या आसपास बसतं आणि पाऊण मिनिटात येतं. गणिताची रीत असेल तर सोबत फळ्याचा फोटो हवाच, नुसत्या आवाजावर भागाकार कळत नाही.

व्हिडिओच लागणार असेल तर 'दीक्षा' अॅप उपयोगी पडतं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा. कोड पुसला असेल तर त्याखालची 6 अक्षरं टाकायची. धडा दिसला की लगेच चालू न करता डाउनलोड करायचा. हे काम शाळेत, तालुक्याच्या बाजारात, जिथं रेंज चांगली तिथं उरकावं. एकाच्या फोनमध्ये उतरलेला धडा फाइल म्हणून ब्लूटूथनं दुसऱ्याला देता येतो, त्याला नेट लागत नाही. फक्त घेणाऱ्याच्या फोनमध्ये दीक्षा अॅप हवं.

फसगत इथंच होते. दीक्षातले काही व्हिडिओ यूट्यूबवरचे असतात, ते नेटशिवाय चालत नाहीत. म्हणून घरी जाण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाकून धडा लावून बघावा. चालला तर खरंच उतरला. फोनची जागा भरली असेल तरी डाउनलोड अर्धवट राहतं. आधी जुने फॉरवर्ड आलेले व्हिडिओ काढून टाका.

आता फोनचं. घरात एकच फोन, तो दिवसभर बापासोबत शेतात, आणि भावंडं तीन. अशा घरी दुपारी 12 च्या ऑनलाइन तासाचा काही उपयोग नाही. उतरवलेला धडा रात्री जेवणानंतरही बघता येतो. ऊसतोडीला गेलेल्या घरांचा नंबर तर बऱ्याचदा बदललेला असतो, म्हणून गुरुजींनी गावातल्या नातेवाइकाचाही नंबर लिहून ठेवावा.

व्हिडिओ बघितला म्हणजे समजलं, हे मात्र कुणी धरून चालू नये. लेकरू मान डोलावतं आणि वहीत हातचा विसरतं. ही चूक मोबाईल पकडत नाही, गुरुजी पकडतात. त्यामुळं प्रत्येक धड्यासोबत दोनच उदाहरणं द्यावीत, ती वहीत सोडवायला लावावीत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तपासावीत. ज्याच्या घरी फोनच नाही, त्याला तोच धडा शाळेतल्या फोनवर, परिपाठाआधी दाखवता येतो.